पहिला पगार, बाबांची चप्पल आणि आठ अक्षरं

प्रश्न: जूनच्या १५ तारखेला हिंजवडीत नोकरीला लागले. सोळा दिवसांचा पगार झाला, त्यातून आईला साडी आणि बाबांना चप्पल घेतली. बाबांचा नंबर माहीत नव्हता आणि जुन्या चपलेवरचा पुसला गेला होता, म्हणून रात्री ती पेपरावर ठेवून पेन्सिलीनं माप काढलं आणि तो कागद लक्ष्मी रोडवरच्या दुकानात दाखवला. बाबांनी किंमत विचारली तेव्हा मी तीनशे रुपये कमी सांगितली. खोक्यावरचं लेबल आधीच खरवडलं होतं. आईनं दुकानाची पिशवी घडी करून गादीखाली ठेवली आणि साडी घेऊन शेजारी जाऊन आली. बाबा एवढंच म्हणाले, “नंबर कसा कळला?” यावर कविता लिहायची आहे. अभिमान वाटला पण अवघडल्यासारखंही झालं, दोन्ही यायला हवं. लिहायला बसले की भाषण होतं. सुरुवात अशी केली आहे:

आई बाबा तुमचे ऋण
कसे मी फेडू सांगा
पहिल्या पगारातून
आणली ही छोटी भेट

पुढे कसं जाऊ? छंदात लिहू की मुक्तछंदात?

उत्तर:

तुमच्या चार ओळींचं भाषण होतं ते पहिल्या ओळीतल्या ‘ऋण’ या शब्दामुळे. तो आला की कविता तिथेच संपते, कारण वाचकाला पुढचं सगळं आधीच ठाऊक असतं: ऋण फिटत नाही, भेट छोटी आहे, आईवडील थोर आहेत. हे सगळं खरं असलं तरी निरोप समारंभात आणि साठीच्या सत्कारात हेच ऐकू येतं. दुसरी अडचण ‘सांगा’ची. आईबाबांना समोर बसवून त्यांच्याशी बोलायला लागलात की तुम्ही आपोआप उभ्या राहता, आवाज चढतो आणि अवघडलेपणाला जागाच उरत नाही. अवघडलेला माणूस दुसऱ्याकडे बघून बोलत नाही, तो वस्तूकडे बघून बोलतो. म्हणून कविता आईबाबांना उद्देशून लिहू नका. ‘बाबांनी असं केलं, आईनं तसं केलं’ असं घडलेलं नुसतं मांडत जा.

कवितेचा माल तुम्ही प्रश्नात लिहून टाकला आहे आणि ओळींतून मात्र वगळला आहे. बहुतेकांचं असंच होतं, कारण ‘कविता’ म्हटल्यावर चपलेचा नंबर हा विषय हलका वाटतो. इथे तोच नंबर सगळ्यात मोलाचा आहे. आयुष्यभर बाबांनी तुमच्या पायाचे नंबर लक्षात ठेवले असणार, शाळेच्या बुटांपासून. त्यांचा नंबर तुम्हाला पहिल्यांदा लागला तो पगार झाल्यावर, आणि तोवर तो टाचेखाली पुसूनही गेला होता. या एका गोष्टीत बाबांची काटकसर आहे, तुमचं न विचारणं आहे आणि मापाचा कागद घेऊन दुकानात जाण्याची धडपडही आहे. यातलं काहीही शब्दांत समजावायची गरज नाही.

म्हणून कवितेचा धागा चपलेचा ठेवा. साडीवर पहिल्या पगाराच्या इतक्या कविता झाल्या आहेत की ‘पदर’ आणि ‘काठ’ आले की वाचक पुढच्या ओळी स्वतःच म्हणतो. शिवाय साडीला माप लागत नाही, त्यामुळे चुकण्याची भीती नाही. चप्पल चुकू शकते. ती चुकेल की काय, या धाकधुकीवर पहिली तीन कडवी आपोआप चालतात. साडी एका कडव्यात येऊ द्या आणि तिच्याकडून एकच काम करून घ्या. ते कोणतं, ते खाली सांगतो.

काय घ्यायचं नाही, तेही आधी ठरवा. पगाराचा आकडा नको. तो लिहिला की वाचक स्वतःच्या पहिल्या पगाराशी तुलना करू लागतो आणि कवितेतून बाहेर पडतो. वेतनपावतीवर बरेच मोहात पाडणारे तपशील असतात: मूळ वेतनाच्या १२ टक्के भविष्य निर्वाह निधीत गेलेले, लागू असेल तर व्यवसाय कराचे २०० रुपये (फेब्रुवारीत ३००), अर्धवट महिन्याचे दिवस. यातला एकच उचला. कपातीचे तपशील घेतले तर कवितेचा सूर तक्रारीकडे झुकतो. ‘सोळा दिवस’ मात्र उपयोगी आहे, कारण पूर्ण महिन्याचाही नसलेला पगार हातात घेऊन खरेदीला निघणं यातच अभिमानही आहे आणि थोडं ओशाळलेपणही. चपलेच्या कंपनीचं नाव नको, ते जाहिरातीसारखं वाजतं. ‘कशाला एवढा खर्च केलास’ हे वाक्यही नको. ते घराघरात म्हटलं जातं म्हणून खरं आहे, पण त्याच कारणानं ते वाचकाला काही नवं दाखवत नाही.

आता दोन भावनांचा प्रश्न. ‘अभिमान वाटला पण अवघडलेही’ असं एकाच माणसाच्या तोंडी घातलं की त्याचं विधान होतं. त्या माणसांमध्ये वाटून द्या. तुमच्याकडे ही वाटणी घडलेलीच आहे. आई साडी घेऊन शेजारी जाऊन आली, म्हणजे अभिमान आईकडे. बाबांनी किंमत विचारली आणि मग नंबराचं विचारलं, म्हणजे अवघडलेपण बाबांकडे. तुमच्याकडे उरते फक्त कृती: कागदावर रेघ मारणं, लेबल खरवडणं, कमी किंमत सांगणं. साडीचं काम हेच, की आईला घराबाहेर नेऊन परत आणायचं. एका कडव्यात ते होतं.

छंदाबद्दल. तुमच्या चार ओळींतली अक्षरं मोजा: नऊ, सात, आठ, आठ. म्हणजे तुमचा कान आधीच अष्टाक्षरीकडे ओढला जातो आहे, मग तिथेच जा. मोजणी सोपी आहे. स्वर असलेलं प्रत्येक अक्षर एक. जोडाक्षर कितीही मोठं असलं तरी एकच. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक नाही. आणि बोलताना शेवटचा ‘अ’ ऐकू आला नाही तरी ते अक्षर मोजायचं. ‘पगार’ तीन, ‘लक्ष्मी’ दोन, ‘पहिल्या’ तीन.

पण नुसती आठ भरली म्हणून ओळ चालत नाही, आणि नवख्यांची अष्टाक्षरी नेमकी इथे अडखळते. शब्दांच्या लांबीकडे बघा. दोन आणि चार अक्षरांचे शब्द एकमेकांशेजारी सुखानं बसतात. तीन किंवा पाच अक्षरांचा शब्द आला की त्याच्या जोडीला लगेच विषम संख्येचाच शब्द लागतो. ‘आले पगार म्हणून’ हे दोन-तीन-तीन आहे, ते सरळ चालतं. ‘शेजारी जाऊन आली’ हे तीन-तीन-दोन, तेही चालतं. आता ‘पगार माझा पहिला’ म्हणून बघा: तीन-दोन-तीन. अक्षरं आठच आहेत, तरी मध्ये पाय मुरगळतो. टेबलावर बोटानं दर चार अक्षरांना एक ठोका देत ओळ मोठ्यानं म्हटली की हे लगेच कळतं. डोळ्यांनी वाचताना कळत नाही, म्हणून ओठ हलवल्याशिवाय एकही ओळ पक्की करू नका.

सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा मोठा अभंगही तुम्हाला सुचेल, तो मराठी कानात मुरलेला आहे. या विषयाला तो घेऊ नये. त्याच्या चालीत आईबाबा आले की ते थेट विटेवर उभे राहतात, आणि आपल्याला तर ते घरात, खोकं उघडताना हवे आहेत. मुक्तछंदात लिहायला हरकत नाही, पण तिथे ‘मला तेव्हा जाणवलं की’ या जातीच्या ओळी सहज शिरतात आणि त्यांना अडवायला कुणी नसतं. आठ अक्षरांत समजावून सांगायला जागाच नसते. भाषण होण्याची सवय असलेल्या माणसाला हा अडसर फार उपयोगी पडतो.

यमक दुसऱ्या आणि चौथ्या ओळीला पुरे. मराठीत क्रियापदांचं यमक इतकं स्वस्त आहे की ‘केली-गेली-दिली-आणली’ असं कितीही जुळत जातं आणि कविता हजेरीपटासारखी होते. निदान एका बाजूला नाम, विशेषण किंवा अव्यय आणा. ‘घडी’ला ‘वाकडी’, ‘खाली’ला ‘आली’, ‘काउंटरपाशी’ला ‘तळाशी’. दोन्ही शब्द वेगळ्या जातीचे असले की जुळणी ऐकताना थोडा धक्का बसतो, आणि तो चांगला असतो.

किंमत कमी सांगितल्याचं कडवं सगळ्यात अवघड आहे, म्हणून तेच तपशिलात घेऊ. पहिल्या झटक्यात साधारण असं होतं:

खोक्यावरची किंमत
नखाने मी काढलेली,
बाबांनी विचारताच
लाजत खोटी सांगितली

शेवटच्या ओळीत नऊ अक्षरं आहेत, पण खरी गडबड ती नाही. ‘लाजत’ आणि ‘खोटी’ हे दोन्ही शब्द वाचकाच्या हातून काम काढून घेतात. खोटी म्हणजे जास्त की कमी? तुम्ही कमी सांगितली, सगळी गंमत त्यात आहे, आणि तेच हरवलं. जास्त सांगणं ही बढाई झाली असती. कमी सांगण्यात बाबांना खर्च टोचू नये ही काळजी आहे, आणि खर्च करण्याचा हक्क अजून आपला वाटत नाही ही खूणही आहे. शिवाय ‘काढलेली’ आणि ‘सांगितली’ हे क्रियापदांचंच यमक झालं.

दुसरा प्रयत्न असा होतो:

खोक्यावरची किंमत
खरवडली नखाने;
“केवढ्याला?” – सांगितली
कमी, दबक्या स्वराने

हे मोजणीत बसतं, चालतंही. ‘खरवडली’ हे क्रियापद बरोबर आहे. लेबल निघता निघत नाही, चिकटा उरतो, हे त्या एका शब्दात येतं. ‘कमी’ही आलं. पण ‘दबक्या स्वराने’ पुन्हा अवघडलेपणाचं वर्णन करतं, आणि ‘स्वर’ हा घरातल्या बोलण्यातला शब्द नाही, तो यमकासाठी आला आहे. तपासायची खूण अशी: ओळीतलं विशेषण झाकून ओळ वाचा. अर्थ तेवढाच राहिला तर विशेषण भरतीचं आहे.

आता विशेषणाच्या जागी तुमच्याकडचा आकडा ठेवा. ‘तीनशे रुपये कमी’: तीन-तीन-दोन, बरोबर आठ. त्याला यमक ‘मी’चं मिळतं, आणि ‘मी’ हा शब्द त्या कडव्यात हवाच आहे, कारण लेबल खरवडण्याचा बेत तुमचा होता. पगाराचा आकडा टाळायचा आणि हा घ्यायचा यात विसंगती नाही. पगाराचा आकडा तुमची ऐपत सांगतो. हा आकडा तुम्ही काय लपवलंत ते सांगतो.

याच रीतीनं बाकीची कडवी बांधली की कविता अशी उभी राहते:

सोळा दिवसांचे पैसे
आले पगार म्हणून;
टाचेखालचा नंबर
गेला कधीचा पुसून.

रात्री बाबांची चप्पल,
पेपराची एक घडी;
पेन्सिलीने फिरवली
रेघ जराशी वाकडी.

लक्ष्मी रोडला गर्दीत
मीच काउंटरपाशी;
घडी उघडून दिली,
रेघ जुळली तळाशी.

आईने पिशवी नीट
ठेवली गादीच्या खाली;
नवी साडी खांद्यावर,
शेजारी जाऊन आली.

खोक्यावरची किंमत
आधी खरवडली मी;
“केवढ्याला?” – सांगितली
तीनशे रुपये कमी.

बाबांनी बसल्याजागी
पाय घातला, काढला;
पट्टा दाबून म्हणाले,
“नंबर कसा कळला?”

हा एक आराखडा समजा. शब्द तुमच्या घरातले घाला. तुमच्याकडे ‘पेपर’ऐवजी ‘रद्दी’ म्हणत असतील तर ओळ त्याप्रमाणे बदला आणि पुन्हा मोजा. पण काही जागा मुद्दाम तशा ठेवल्या आहेत, त्या हलवण्याआधी विचार करा.

पहिल्या कडव्यात चप्पल कुणाची ते सांगितलेलं नाही. ‘टाचेखालचा नंबर’ वाचून वाचक क्षणभर थांबतो आणि दुसऱ्या कडव्याच्या पहिल्याच शब्दांत त्याला उत्तर मिळतं. तिथेच ‘बाबांचा नंबर मला माहीत नव्हता’ असं सांगून टाकलंत तर दुसऱ्या कडव्याला करायला काही उरत नाही. ‘मीच काउंटरपाशी’ मधला ‘च’ भरतीचा वाटेल, पण तो काढू नका. आजवर त्या जागी बाबा उभे राहत आणि आपण मागे पिशवी धरून, हे त्या एका अक्षरात येतं. कवितेतला तुमचा सगळा अभिमान तेवढाच आहे आणि तेवढा पुरतो.

‘रेघ जराशी वाकडी’ खरी ठेवा. चप्पल पेपरावर सुलटीच ठेवलेली असते, उपडी ठेवली तर डाव्याचं माप उजव्याचं होतं. पण पेन्सिल सोलच्या कडेनं तिरकी धरली जाते आणि रेघ बाहेर फाकते. माप थोडं मोठं निघतं. ही माहिती कवितेत घालायची नाही, पण लिहिणाऱ्याला ती असली की ‘अचूक रेघ’ असा खोटा शब्द हातून उतरत नाही. तिसऱ्या कडव्यातही ‘रेघ जुळली’ एवढंच आहे, ‘नेमकी जुळली’ नाही. माप खरंच बसलं का, हे शेवटपर्यंत अधांतरी राहायला हवं.

शेवटच्या ओळीकडे नीट बघा. ‘नंबर कसा कळला’ हे तीन-दोन-तीन आहे, म्हणजे वर ज्याला अडखळणं म्हटलं नेमकं तेच. बाकीच्या तेवीस ओळी सम-विषमाचा नियम पाळतात आणि ही एकच लंगडते. ती दुरुस्त करायचा मोह आवरा. बाबांना ‘छान आहे’ म्हणता येत नाही म्हणून ते भलतंच विचारतात, आणि ते विचारतानाही थोडे अडखळतात, असं चालीतूनच ऐकू येतं. नियम मोडायचा तर असा, एकदाच, आणि जिथे माणूस खरोखर अडखळतो तिथे. दोन-तीन ठिकाणी मोडलात तर वाचकाला तुमचा कान कच्चा आहे असंच वाटेल. त्या कडव्यात ‘काढला-कळला’ हे क्रियापदांचं यमक आहे हेही लक्षात आलं असेल. पाच कडव्यांत ते टाळलं आहे, म्हणून सहाव्यात खपतं. आणि ‘पाय घातला, काढला’ ही हालचाल यमकासाठी सोडावी इतकी स्वस्त नाही.

यानंतर सातवं कडवं सुचेल. त्यात तुम्ही उत्तर द्याल, किंवा बाबांचे डोळे भरून येतील, किंवा दुसऱ्या दिवशी ते नवी चप्पल घालून बाहेर पडतील. सुचलं तर लिहून बाजूला ठेवा आणि दोन दिवसांनी सहा कडव्यांनंतर मोठ्यानं वाचून बघा. प्रश्नाला उत्तर मिळालं की बाबांचं अवघडलेपण सुटतं, आणि मग तुम्ही मागितलेल्या दोन भावनांतली एकच उरते.

लेखनाचं एक लहान काम राहतं. ‘आईने’ लिहायचं की ‘आईनं’, ‘नखाने’ की ‘नखानं’, हे एकदाच ठरवा. दोन्हींची अक्षरं सारखीच भरतात, त्यामुळे मोजणीची सबब नाही; पण एका कडव्यात एक आणि दुसऱ्यात दुसरं असलं की नजर अडकते. वर ‘ने’ ठेवलं आहे, कारण छापील ओळीत ते जास्त शांत दिसतं. तुमची कविता तुम्ही स्वतः वाचून दाखवणार असाल तर ‘नं’ जास्त बरं वाजेल.

आणि वाचून कुणाला दाखवणार, हे पाचव्या कडव्यासाठी आधी ठरवावं लागेल. ही कविता बाबांनी ऐकली तर तीनशे रुपयांची गोष्ट त्यांना तिथेच कळणार. ते चालणार असेल तर कविता जशी आहे तशी वाचा. चालणार नसेल तर घरी वाचताना ते कडवं गाळा. चौथ्यावरून थेट सहाव्यावर गेलं तरी आई शेजारून परत येते आणि बाबा चप्पल घालून बघतात, धागा तुटत नाही. फक्त ते कडवं वहीतून काढू नका. त्याच्याशिवायची प्रत घरासाठी आणि त्याच्यासकटची दिवाळी अंकाला पाठवण्यासाठी, अशा दोन प्रती ठेवा.